अस्पष्ट फोटोतला सातबारा वाचताना कोणत्या अंकाची किती खात्री द्यावी

जमिनीच्या कागदांविषयीचे बरेचसे प्रश्न आज व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोसोबत विचारले जातात. गावाकडे कपाटात जपलेला जुना हस्तलिखित सातबारा कोणीतरी खिडकीजवळ धरलेला असतो, त्याचा फोटो तीन-चार नातेवाइकांकडून पुढे सरकत आलेला असतो, आणि सोबत एकच ओळ असते: ‘यात आजोबांच्या नावावर किती क्षेत्र आहे तेवढे सांगा.’ विचारणाऱ्याला उत्तर एका आकड्यात हवे असते. फोटोत मात्र त्या आकड्यातला एखादा अंक घडीत गेलेला असतो, एखादा पुसट असतो, आणि नाव वाचावे तर त्यातले एक अक्षर दोन प्रकारे लागते. अशा वेळी सरळ आकडा सांगून मोकळे होणे चुकीचे, आणि ‘फोटो नीट नाही, काही सांगता येत नाही’ म्हणणेही बहुतेक वेळा चुकीचेच, कारण त्याच फोटोतली इतर बरीच माहिती स्वच्छ वाचता येत असते. त्यामुळे उत्तर अशा रीतीने द्यावे लागते की, त्यातला कोणता भाग डोळ्यांनी वाचला, कोणता हिशेबाने काढला आणि कोणता वाचताच आला नाही, हे ऐकणाऱ्याला वेगवेगळे कळावे.

आधी फोटोत नेमके काय हरवते ते पाहू. फोटोची फाईल लहान करण्यासाठी जी जेपीईजी पद्धत सर्रास वापरली जाते, ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील कमी-अधिक प्रमाणात गाळून टाकते. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकारानेही लहान केला जातो. त्यामुळे ज्याच्या पूर्ण पानाचा फोटो घेतला आहे, अशा सातबाऱ्यातला एखादा अंक दोन-तीन चौकोनांतच मावतो आणि त्याची ओळख ज्या बारीक वळणावर अवलंबून असते ते वळणच नाहीसे होते. देवनागरीत याचा फटका ठरावीक जोड्यांना बसतो. १ आणि ९ या दोन्ही अंकांत वर गाठ आणि खाली उतरणारी शेपटी असते, गाठीचे वळण कोणत्या बाजूला आहे एवढ्यावरच फरक ओळखायचा असतो. २ आणि ३ यांत एका वळशाचा फरक असतो. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ पुसट झाली की तो ‘व’सारखा किंवा घाईच्या अक्षरात ‘प’सारखाही दिसू लागतो, म्हणून बाबूराव आणि बापूराव ही दोन्ही नावे एकाच डागातून वाचता येतात. याउलट ७ किंवा ४ सहसा कशातही मिसळत नाहीत. तेव्हा ‘फोटो अस्पष्ट आहे’ हे विधान फारसे उपयोगाचे नाही. कोणता अंक अस्पष्ट आहे आणि तो कोणकोणता असू शकतो, हे सांगितले तरच त्याला अर्थ येतो.

आता एक कागद कल्पू आणि तो शेवटापर्यंत वाचू. हस्तलिखित गाव नमुना सात, म्हणजे सातबाऱ्याचा हक्कदारांची नावे असलेला भाग आहे, तीन खातेदारांची नावे एकाखाली एक आहेत, आणि प्रत्येक नावापुढे क्षेत्र व आकार असे दोन आकडे लिहिले आहेत. क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये आहे. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, आणि एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, अर्थात एका गुंठ्याहून किंचित कमी. आकार म्हणजे त्या जमिनीवरचा शेतसारा, रुपये आणि पैशांत. पहिल्या खातेदाराचे क्षेत्र ०.३२ आहे की ०.३३, हे कळत नाही. दुसऱ्याचे ०.४ इथपर्यंत स्पष्ट आहे, पण शेवटचा अंक १ असेल किंवा ९. तिसऱ्याचे ०.२७ अगदी स्वच्छ आहे. खाली लागवडीयोग्य एकूण क्षेत्र १.० इतके वाचता येते आणि त्यातला शेवटचा अंक कागदाच्या घडीत सापडला आहे: घडीच्या वर गाठ दिसते, खाली शेपटीचे टोक दिसते, आणि मधला भाग नाही.

या चार ओळींत अनिश्चितता दिसते तेवढी मोठी नाही. पहिल्या दोन खातेदारांच्या दोन-दोन शक्यता धरल्या तर एकूण चार बेरजा होतात. ०.३२, ०.४१ आणि ०.२७ यांची बेरीज १.०० येते. पहिल्याचे ०.३३ धरले तर १.०१ येते. पहिल्याचे ०.३२ आणि दुसऱ्याचे ०.४९ धरले तर १.०८, आणि ०.३३ व ०.४९ धरले तर १.०९. आता घडीतल्या अंकाकडे पुन्हा पाहू. त्याला शेपटी आहे, म्हणजे तो शून्य नाही. त्याला वर गाठ आहे, म्हणजे तो ८ नाही. उरतात १ आणि ९, आणि त्या दोन्ही बेरजांत पहिल्या खातेदाराचे क्षेत्र ०.३३ आहे. जो अंक थेट वाचता आला नाही तो बेरजेने लागला. दुसऱ्याचे ०.४१ की ०.४९ हा प्रश्न मात्र बेरजेने सुटत नाही, कारण एकूण क्षेत्राचा शेवटचा अंकही त्याच दोन शक्यतांत अडकला आहे.

इथे आकाराचा रकाना मदतीला येतो. तिसऱ्या खातेदाराच्या ०.२७ क्षेत्रापुढे ०.८१ आकार स्पष्ट लिहिलेला आहे, म्हणजे हेक्टरी तीन रुपये. त्याच दराने ०.४१ चा आकार १.२३ होतो आणि ०.४९ चा १.४७. दुसऱ्या खातेदाराच्या आकाराचा शेवटचा अंक शाईच्या डागाखाली आहे, पण आधीचा भाग १.२ असा वाचता येतो. हा २ फार तर ३ असू शकेल, ४ निश्चित नाही. म्हणून ०.४१ कडे पारडे जड होते.

हे सगळे जुळून आल्यावर ‘०.४१ आहे’ असे म्हणण्याचा मोह होतो आणि नेमके इथेच थांबायला हवे. बेरजेवरून आणि दरावरून आपल्याला कळते ते त्या जागी काय लिहिलेले असायला हवे हे. प्रत्यक्ष काय लिहिले आहे, ही वेगळी गोष्ट आहे. हस्तलिखित सातबाऱ्यात नक्कल करताना अंक चुकलेला असू शकतो, बेरीजच मुळात चुकलेली असू शकते, आकाराची वाटणी नेहमी क्षेत्राच्या प्रमाणातच झालेली असेल असेही नाही, आणि पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, क्षेत्र वेगळे दाखवलेले असेल तर खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज कोणत्या एकूण आकड्याशी ताडून पाहायची हेही आधी ठरवावे लागते. कित्येकदा लोक जुना सातबारा दाखवतात तो अशीच एखादी चूक शोधण्यासाठी. अशा वेळी वाचणाऱ्याने हिशेबात बसणारा अंक ‘वाचला’ म्हणून सांगितला, तर जी चूक पकडायची तीच त्याच्या हातून झाकली जाते. म्हणून हिशेबाने काढलेला अंक हिशेबाने काढला आहे, असे सांगणे हा केवळ नम्रतेचा भाग नाही. त्याशिवाय ते उत्तर वापरताच येत नाही.

या कागदाचे उत्तर मी असे लिहीन: ‘तिसऱ्या खातेदाराचे क्षेत्र ०.२७ स्पष्ट आहे. पहिल्याचे फोटोत ०.३२ किंवा ०.३३ असे दिसते. एकूण क्षेत्राशी ताळा घेतला तर ०.३३ बसते. दुसऱ्याचे ०.४१ किंवा ०.४९ आहे, तिसरी शक्यता दिसत नाही. आकाराच्या आकड्यावरून ते बहुधा ०.४१ असावे, पण तो शेवटचा अंक मला फोटोत ओळखता आलेला नाही. एकूण क्षेत्र यानुसार १.०१ येते, मात्र त्याचा शेवटचा अंक घडीत आहे. दुसऱ्या ओळीचा आणि एकूण क्षेत्राच्या ओळीचा जवळून घेतलेला फोटो मिळाला तर नक्की सांगता येईल.’ हे उत्तर लांब आहे, पण त्यातले एकही वाक्य भरतीचे नाही. विचारणाऱ्याला यातून कळते की, दोन वाचनांतला फरक आठ आर आहे, म्हणजे जवळजवळ आठ गुंठे, आणि दुसऱ्या खातेदाराचे क्षेत्र एकराच्या जेमतेम वर आहे की एकर आठ गुंठ्यांच्या आसपास, हे अजून ठरायचे आहे.

खात्री किती द्यायची, हे विचारलेल्या प्रश्नावरही अवलंबून असते, आणि ही गोष्ट बऱ्याचदा ध्यानात येत नाही. समजा, कोणी विचारले की, तिघांत सर्वांत जास्त क्षेत्र कोणाचे. दुसऱ्याचे, हे उत्तर पूर्ण खात्रीने देता येते, कारण ०.४१ असो की ०.४९, ते बाकीच्या दोघांपेक्षा जास्तच आहे. अशा प्रश्नाला ‘फोटो अस्पष्ट असल्याने सांगता येत नाही’ म्हणणे म्हणजे हातात असलेली माहिती नाकारणे होय. पण तेच क्षेत्र दोन वारसांत निम्मे-निम्मे केल्यास प्रत्येकाला किती येईल, असे विचारले तर साडेवीस आर आणि साडेचोवीस आर अशी दोन उत्तरे निघतात आणि ती दोन्ही सांगणे भाग पडते. एकाच फोटोवरच्या एका प्रश्नाचे उत्तर ठाम असू शकते आणि दुसऱ्याचे नाही. म्हणून संपूर्ण फोटोला मिळून एकच इशारा जोडण्याची जी सवय असते, ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ अशा थाटाची, ती वाचणाऱ्याची सुटका करते पण विचारणाऱ्याला काहीच देत नाही. त्याला शंका कोणत्या अंकाविषयी धरायची, हेच त्यातून कळत नाही.

टक्क्यांत खात्री सांगावी का, असेही विचारले जाते. माझे मत असे आहे की, एकट्या वाचणाऱ्याने एका अंकाविषयी ‘८५ टक्के’ म्हणण्यामागे कोणतेही मोजमाप नसते, आणि तो आकडा ऐकणाऱ्याला मात्र मोजलेला वाटतो. त्यापेक्षा ‘स्पष्ट’, ‘बहुधा’, ‘दोहोंपैकी एक’ आणि ‘वाचता येत नाही’ असे चार शब्द ठरवून घ्यावेत आणि प्रत्येक वेळी त्याच अर्थाने वापरावेत. तरीही टक्केवारीचा एक हिशेब मनाशी करून पाहण्यासारखा आहे. एखाद्या दहा अंकी क्रमांकातला प्रत्येक अंक आपण ९५ टक्के खात्रीने वाचला, आणि एका अंकातली चूक दुसऱ्यावर अवलंबून नाही असे मानले, तर पूर्ण क्रमांक बरोबर असण्याची शक्यता फक्त ६० टक्क्यांच्या आसपास राहते. प्रत्येक अंक वेगळा पाहिला तर खात्रीचा वाटतो आणि सगळा क्रमांक मिळून मात्र भरवशाचा राहत नाही. जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीला जो चार अंकी फेरफार क्रमांक असतो, त्यालाही हेच लागू आहे, तिथे ती शक्यता ८१ टक्क्यांवर येते. ही चूक साधी नाही: एक अंक चुकला की गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, भलत्याच व्यवहाराची नोंद हाती लागते आणि तीही दिसायला पूर्ण व्यवस्थित असते.

अंकांपेक्षाही जास्त जपून वाचावी लागते ती फोटोत न दिसणारी खूण. हस्तलिखित सातबाऱ्यात एखाद्याचा हक्क संपला की त्याचे नाव खोडून टाकण्याऐवजी नावाला कंस केला जात असे आणि ज्या फेरफाराने हा बदल झाला त्याचा क्रमांक वर्तुळात लिहिला जात असे. हा कंस कधीकधी फिकट शाईचा असतो किंवा मूळ नोंदीपेक्षा वेगळ्या पेनाने केलेला असतो. मोबाईलमधले कागद स्कॅन करण्याचे ॲप फोटो काळा-पांढरा करताना ठरावीक गडदपणापेक्षा फिकट असलेले सगळे पांढरे धरते, आणि कंस त्यात पुसला जातो. फोटो मात्र मूळ कागदापेक्षा अधिक स्वच्छ दिसू लागतो. अशा फोटोवरून ‘आजोबांच्या नावाला कंस नाही, म्हणजे नाव कायम आहे’ असे सांगणे धोक्याचे आहे. ‘या फोटोत कंस दिसत नाही, फोटो काळा-पांढरा केलेला असल्यामुळे फिकट खूण गेलेली असू शकते, मूळ कागद पाहावा’ एवढेच प्रामाणिकपणे सांगता येते.

स्वच्छ दिसणे आणि बरोबर असणे यांतला हा फरक किती मोठा असू शकतो, याचे ठळक उदाहरण २०१३ सालचे आहे. जर्मनीतले संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रिझेल यांनी झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर जातीच्या यंत्रावर एका इमारतीचा आराखडा स्कॅन केला, तेव्हा वेगवेगळ्या आकाराच्या तीन खोल्यांवर एकच क्षेत्रफळ छापून आले. मुळात १४.१३, २१.११ आणि १७.४२ असे आकडे होते, आणि प्रतीत तिन्ही ठिकाणी १४.१३. फाईल लहान ठेवण्यासाठी ते यंत्र एकमेकांसारखे दिसणारे तुकडे शोधून एकाच्या जागी दुसरा वापरत होते. आकडे धूसर नव्हते, ठसठशीत होते, आणि म्हणूनच कोणाला शंका येण्याचे कारण नव्हते. फोटो ‘सुधारून’ देणाऱ्या आजच्या ॲपांबाबतही हीच काळजी घ्यावी. फोटो मोठा केल्याने किंवा कडा धारदार केल्याने गेलेला तपशील परत येत नाही, आणि काही वेळा १ च्या जागी सुबक ९ तयार होतो. म्हणून मूळ फोटो आणि सुधारलेला फोटो दोन्ही पाहावेत, आणि एखादा अंक फक्त सुधारलेल्या फोटोतच ओळखू येत असेल तर त्याला ‘स्पष्ट’ म्हणू नये.

वाचणाऱ्याच्या डोळ्यांना फसवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे प्रश्नच. ‘आमचे आजोबा बापूराव, त्यांचे नाव दिसते का?’ असे विचारले की डाग ‘प’सारखा दिसायला लागतो. म्हणून शक्य असेल तर प्रश्न पूर्ण वाचण्याआधी फोटोत काय दिसते ते लिहून काढावे, आणि ते शक्य नसेल तर उत्तरात तसे म्हणावे: ‘तुम्ही सांगितलेले बापूराव हे नाव इथे बसते, पण बाबूरावही तितकेच बसते, आणि फक्त फोटोवरून मी यातले एक निवडू शकत नाही.’ दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायचे असेल तर त्याला आपले वाचन आधी सांगू नये, नाहीतर तो आपलेच वाचन परत देतो आणि दोघांचे एकमत झाल्याचा आभास होतो. पुराभिलेख आणि शिलालेख वाचणाऱ्यांनी या सगळ्यावर फार पूर्वी विचार केलेला आहे. ग्रीक आणि लॅटिन लेख छापण्यासाठी १९३१ मध्ये लायडन इथे ज्या खुणा ठरवण्यात आल्या, त्यांत पुसट अक्षराखाली टिंब देतात आणि तुटलेल्या जागी संपादकाने भरलेले अक्षर चौकोनी कंसात टाकतात. पाहिलेले आणि अंदाजाने भरलेले यांची सरमिसळ होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. सातबाऱ्याच्या उत्तरात टिंबे देण्याची गरज नाही, शब्दांत सांगितले तरी पुरते.

शंका कशाने फिटेल, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. घडीतल्या अंकासाठी कागद सपाट दाबून, उजेड एका बाजूने तिरपा पाडून, फक्त त्या दोन ओळींचा फोटो घ्यायला सांगावे, आणि तो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, म्हणजे तो लहान केला जात नाही. पुसट शाईसाठी रंगीत फोटो मागवावा. आणि खुद्द कागदावरच अंक गेला असेल तर नवा फोटो मागण्यात अर्थ नाही, कारण तिथे दोष फोटोचा नसतो. तेव्हा त्या खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा म्हणजे गाव नमुना आठ-अ, फेरफार नोंद किंवा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातली सातबाऱ्याची प्रमाणित प्रत पाहायला सांगावे. यांतही एक सावधगिरी आहे: आठ-अ मधला आकडा सातबाऱ्यावरूनच उतरवलेला असतो, त्यामुळे तो जुळला तरी मूळ नोंद बरोबर असल्याचा तो स्वतंत्र पुरावा होत नाही. फेरफाराची नोंद तशी नसते, कारण सातबाऱ्यातला बदल तिच्यावरून होतो. म्हणून आपल्या उदाहरणातल्या दुसऱ्या खातेदारासाठी मी आधी फेरफार पाहायला सांगेन, आणि तिथे ०.४१ मिळाले तर विचारणाऱ्याला असे कळवीन की, फेरफाराप्रमाणे क्षेत्र ०.४१ आहे, सातबाऱ्याच्या फोटोतला अंक मात्र मी अजूनही वाचलेला नाही.